नेफ्रिटिक आणि नेफ्रोटिक: समोरासमोरच्या दोन खाटांवरून काढलेली टिपणं

बालाघाटी

फायनलची परीक्षा तोंडावर आलीय. मूत्रपिंडाच्या नेफ्रिटिक आणि नेफ्रोटिक या दोन आजारांचं कोष्टक मी चार वेळा पाठ केलं आणि चारही वेळा तिसऱ्या दिवशी त्याची सरमिसळ झाली. एप्रिलमध्ये आमच्या वॉर्डात समोरासमोरच्या खाटांवर दोन लेकरं आली, दोघांचीही तोंडं सुजलेली. तेव्हापासून हा विषय डोक्यात पक्का बसला. म्हणून कोष्टक बाजूला ठेवून त्या दोघांवरूनच टिपणं काढली आहेत. चुकलं असेल तिथं सांगा.

पहिला नेफ्रिटिकचा, मुलगा, ७ वर्षांचा. आई-बाप ऊसतोडीला गेलेले, लेकरू त्यांच्यासोबत कोपीवरच. फेब्रुवारीअखेर त्याला खरूज झाली आणि खाजवून खाजवून बोटांच्या बेचक्यांत, ढुंगणावर पू धरलेले फोड आले. पाडव्याच्या सुमारास गावी परत आले तेव्हा फोड सुकून खपल्या धरल्या होत्या. एप्रिलच्या मध्यात एका सकाळी डोळे सुजले, लघवी कोऱ्या चहासारखी झाली आणि दिवसातून दोनदाच, तीही थोडीशी होऊ लागली. आईनं सांगितलेली ‘कोरा चहा’ ही खूण मी वहीत तशीच लिहिलीय. मागच्या फोडांबद्दल मात्र ती आपणहून काही बोलली नाही. आम्ही हात पालथे करून बेचक्या बघितल्या तेव्हा काळे डाग दिसले, मग तिला आठवलं.

दुसरी नेफ्रोटिकची, मुलगी, ४ वर्षांची. तिची सूज तीन आठवड्यांपासूनची. सकाळी डोळ्यांवर, संध्याकाळी पायांवर. गावात ॲलर्जी समजून दोन वेळा सिट्रिझिन दिलेलं. नंतर पोट फुगलं, फ्रॉक मागून लागेना. लघवीचा रंग साधा, पण फेस इतका की आजी म्हणाली, “साबण कालवल्यावानी.”

आता लघवी. मुलाच्या लघवीत प्रोटीन २+, रक्तपेशी ‘भरपूर’ आणि आमच्या लॅबच्या मॅडमनी मला बोलावून दाखवलेले लाल पेशींचे कास्ट, म्हणजे पेशी चिकटून बनलेली बारीक नळकांडी. मुलीच्या लघवीत प्रोटीन ४+, लाल पेशी नाहीत. प्रोटीन-क्रिएटिनिन गुणोत्तर मुलाचं ०.९, मुलीचं ६.८. लहान मुलांत २ च्या वर गेलं की नेफ्रोटिकच्या पातळीचं धरतात.

रक्तातही तसंच उलटसुलट. मुलाचा युरिया ७८, क्रिएटिनिन १.३ (या वयात ०.६ च्या आत हवं), पोटॅशियम ५.६, अल्ब्युमिन ३.४, कोलेस्टेरॉल १५०. मुलीचं क्रिएटिनिन ०.४ म्हणजे ठणठणीत, पण अल्ब्युमिन १.६ आणि कोलेस्टेरॉल ४१०. मुलाचं सी-३ हे रक्तातलं कॉम्प्लिमेंट प्रोटीन फक्त २८ (९० च्या वर हवं) आणि सी-४ नॉर्मल. मुलीचं सी-३ नॉर्मल.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते असं: सूज दोघांना, पण पाणी वेगवेगळ्या जागी. मुलाच्या मूत्रपिंडाच्या गाळण्या सुजून तुंबल्या, मीठ-पाणी बाहेर पडेना, त्यामुळे रक्तवाहिन्या काठोकाठ भरल्या आणि बीपी वाढला. मुलीच्या गाळण्यांतून अल्ब्युमिन वाहून गेलं, पाणी रक्तातून निसटून अंगात साचलं आणि रक्तवाहिन्या बऱ्यापैकी रिकाम्या राहिल्या. म्हणून एकाला जे औषध तारतं तेच दुसऱ्याला बुडवू शकतं. ते कसं, ते जेवून आल्यावर लिहितो.

उद्याची_परीक्षा

छान लिहिलंय. मी एका ओळीत लक्षात ठेवते: नेफ्रिटिक म्हणजे रक्त, नेफ्रोटिक म्हणजे प्रोटीन. एकात प्रोटीन नसतं, दुसऱ्यात रक्त नसतं. आणि घसा किंवा त्वचेच्या स्ट्रेप्टोकॉकसनंतरचा असेल तर त्या जंतूविरुद्धची प्रतिपिंडं दाखवणारा एएसओ वाढलेला असतोच. त्या मुलाचा एएसओ किती होता? तो नॉर्मल असेल तर निदान बदलावं लागेल ना?

गोदाकाठ

तुमची ओळ अर्धी बरोबर आहे, आणि नेमक्या उरलेल्या अर्ध्यावरच तोंडी परीक्षेत विचारतात. बालाघाटींच्या मुलाच्या लघवीतही प्रोटीन २+ आहेच. गाळणीला सूज आली की रक्तपेशींबरोबर थोडं प्रोटीन निसटतंच. उलट बाजूनं, मिनिमल चेंज या लहान मुलांतल्या नेहमीच्या नेफ्रोटिक प्रकारात साधारण पाचातल्या एका लेकराच्या लघवीत सूक्ष्मदर्शकाखाली थोड्या लाल पेशी सापडतात. त्यामुळे ‘आहे-नाही’ असं विचारू नका. ‘किती आहे, आणि सोबत काय आहे’ असं विचारा. लाल पेशींचे कास्ट, वाढलेला बीपी आणि कमी झालेली लघवी हे तिन्ही एकत्र आलं की ती नेफ्रिटिकची बाजू.

एएसओबद्दल. घशाच्या संसर्गानंतर तो चांगला वाढतो. त्वचेच्या फोडांनंतर बऱ्याचदा वाढतच नाही, कारण ज्या विषाविरुद्ध ही प्रतिपिंडं तयार होतात ते त्वचेतल्या चरबीत निष्प्रभ होतं. तिथं अँटी-डीएनएज बी मागवावी लागते. आपल्याकडे ती सहसा होत नाही. नांदेड, परभणीकडच्या खेड्यांतून मी बघितलेली बहुतेक लेकरं खरजेच्या फोडांनंतरची आहेत, आणि त्यांचा एएसओ नॉर्मल बघून ‘हे ते नव्हे’ म्हणून परत पाठवलेली चार-पाच तरी मला आठवतात. तिथं सी-३ खरा कामाचा.

अंतरही नीट लक्षात घ्या. घसा दुखून साधारण एक ते तीन आठवडे, फोडानंतर तीन ते सहा आठवडे. फेब्रुवारीअखेरचे फोड आणि एप्रिल मध्याची लघवी, हे बरोबर बसतं. घसा धरला आणि लगेच दुसऱ्या दिवशी लघवी लाल झाली, सी-३ नॉर्मल, तर आयजीए नेफ्रोपॅथीकडे वळा.

बालाघाटी

सर, एएसओ नॉर्मलच होता. मीही राउंडला तेच विचारलं होतं आणि हेच उत्तर मिळालं होतं.

आता राहिलेलं. मुलगा आमच्याकडे येण्याआधी वाटेत एका दवाखान्यात दाखवला होता. तिथं बीपी ११०/७० लिहिलेला, पाण्याच्या गोळ्यांऐवजी सलाईन लावलेलं. आमच्याकडे आल्यावर आमच्या सिस्टरनी लहान मुलांचा पट्टा शोधून आणला (वॉर्डात एकच आहे, कपाटात कुलपात). त्यानं मोजला तर १४०/९६. दंडाच्या मानानं मोठा पट्टा लावला की बीपी खोटा कमी येतो. ७ वर्षांच्या बारीक दंडाला मोठ्या माणसाचा पट्टा बांधला होता एवढंच कारण.

दुपारी तो म्हणाला डोकं दुखायलंय. दोनदा ओकला. मग आईला म्हणाला, “आई, लाईट गेली का?” लाईट गेली नव्हती. त्याला दिसेनासं झालं होतं. दहा मिनिटांत झटका आला. बीपी १५२/१०४. झटका थांबवून बीपी सावकाश उतरवायला घेतला. सर बजावत होते की पहिल्या ८ तासांत पाव हिश्शापेक्षा जास्त खाली आणू नका, एकदम पाडला तर मेंदूला रक्त पुरत नाही. रात्री नऊला त्यानं आईला ओळखलं.

नेफ्रिटिकच्या गुंतागुंतींत ‘हायपरटेन्सिव्ह एन्सेफॅलोपॅथी’ हे शब्द मी पूर्वी फक्त पाठ केले होते. आता ते शब्द वाचले की मला “लाईट गेली का” ऐकू येतं.

पाणी किती द्यायचं याचा हिशेब वहीत असा आहे. वजन २२ किलो, अंगाचं क्षेत्रफळ साधारण ०.८५ चौरस मीटर. घाम-श्वासातून जाणारं पाणी चौरस मीटरला ४०० मिलि, म्हणजे ३४०. त्यात कालची लघवी १८० मिळवली, तर दिवसभरात सगळं मिळून ५२०. चहा, औषधाचं पाणी, वरणातलं पाणी, सगळं यातच. मीठ बंद. फ्युरोसेमाइड सुरू, बीपीला अम्लोडिपिन. स्टिरॉइड नाही. पेनिसिलिन दिलं, पण ते शरीरात उरलेला जंतू घालवायला, मूत्रपिंडाचा आजार त्यानं लवकर बरा होत नाही.

संध्याकाळी मामा दोन शहाळी घेऊन आला. “लघवी होईना म्हणून नारळपाणी आणलं.” पोटॅशियम ५.६ असताना शहाळं. सिस्टरनी नम्रपणे ते त्यांच्याच हातात परत दिलं आणि का ते बसून समजावलं. भेटायला येणारा प्रत्येक जण प्रेमानं हेच आणतो, त्यामुळे लघवी कमी असलेल्या लेकराच्या खाटेजवळ हे आधीच सांगून ठेवावं असं मी टिपणात लिहिलंय.

पाचव्या दिवशी लघवी सुटली. ९०० मिलि. मग सगळंच मार्गी लागलं.

काचपट्टी

जालन्यात लॅबमध्ये २३ वर्षं काढलीत. तुम्ही म्हणता त्या मॅडमनी बोलावून दाखवलं हे वाचून बरं वाटलं, कारण लाल पेशींचे कास्ट दिसणं हे नशिबाचं काम नाही, वेळेचं काम आहे.

खेड्यातून लघवी येते ती कोल्ड्रिंकच्या बाटलीत, एस.टी.च्या खिडकीत ठेवून, मे महिन्यात ४२-४३ डिग्रीत तीन तास. तोवर कास्ट विरघळलेले, पेशी फुटलेल्या. मग रिपोर्टला ‘लाल पेशी ४-६’ जातं आणि तिकडे डॉक्टर म्हणतात नेफ्रिटिक नाही. माझा नियम: बाटली परत, लेकराला इथंच लघवीला बसवा आणि तासाच्या आत बघा. लघवी पातळ किंवा अल्कधर्मी असली तर कास्ट त्याहून लवकर जातात.

१० मिलि घ्यायची, १५०० ते २००० च्या वेगानं ५ मिनिटं फिरवायची, वरचं पाणी ओतून टाकायचं, तळचा अर्धा मिलि हलवून काचेवर. फिरवल्यावर आधी नळी उजेडात धरा. तळाशी लाल आणि वर पिवळं पाणी, तर पेशी आहेत. वरचं पाणीही लालच राहिलं आणि पट्टी रक्त दाखवतेय, तर ते फुटलेल्या रक्ताचं किंवा स्नायूंचं रंगद्रव्य, तो वेगळाच आजार. ही एक नजर पुष्कळ वाचवते.

आणि काचेवर मधोमध बघत बसू नका. कास्ट कव्हरस्लिपच्या कडेला जमतात. उजेड कमी करा, छोट्या लेन्सनं कडा फिरा, मग मोठी लावा. लाल पेशींचा कास्ट विटकरी रंगाच्या छोट्या नळकांड्यासारखा दिसतो, आत पेशी दाटीनं बसलेल्या. एकदा बघितला की विसरत नाही. नेफ्रोटिकच्या लघवीत नळकांड्यात चरबीचे थेंब असतात, ध्रुवित प्रकाशात त्यावर क्रूस उजळतो, पण तशी सोय माझ्याकडे नाही, मी थेंबांच्या चमकेवरून सांगते.

शेतकरीपुत्र

माझ्या वडिलांच्या लघवीला फेस येतो. १५ वर्षांपासून साखर आहे, वय ६१. म्हणजे नेफ्रोटिक झालंय का? इथं स्टिरॉइडचं नाव वाचलं, तर ते चालू करावं का? गावातल्या मेडिकलवर मिळतं. रक्त तपासलं तर क्रिएटिनिन १.२ आलंय.

मांजराकाठ

दादा, आधी हे: स्टिरॉइड अजिबात सुरू करू नका. वरचं सगळं लहान लेकरांबद्दल चाललंय. वडिलांना स्टिरॉइड दिलं तर साखर ४०० वरही जाऊ शकते आणि मूळ त्रास तसाच राहील.

मी मोठ्या माणसांचा फिजिशियन आहे. ६१ व्या वर्षी, १५ वर्षांच्या मधुमेहात, लघवीत प्रोटीन जात असेल तर पहिला संशय मधुमेहाचाच. फेसावरून ठरवता येत नाही, जोरात धार पडली तरी फेस येतो. सकाळच्या पहिल्या लघवीचं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर करून घ्या, बीपी बघा आणि डोळ्यांचा पडदा तपासून घ्या. पडद्यावर मधुमेहाच्या खुणा असतील तर मूत्रपिंडाचंही तेच असण्याची शक्यता बरीच. नसतील आणि प्रोटीन जास्त जात असेल, तर मूत्रपिंडाच्या डॉक्टरांना दाखवा, कारण मोठ्या माणसात मेम्ब्रेनस, एफएसजीएस, अमायलॉइड असं बरंच काही असू शकतं आणि ते बायॉप्सीशिवाय कळत नाही. लहान मुलाला आपण बायॉप्सीविना स्टिरॉइड देतो कारण त्या वयात बहुतेकदा मिनिमल चेंज असतं. मोठ्यांत तसं गृहीत धरता येत नाही.

शेतकरीपुत्र

धन्यवाद डॉक्टर. सोमवारी लातूरला नेतो. डोळे कधीच तपासले नाहीत.

बालाघाटी

आता मुलीचं. हे लिहायला मला जरा वेळ लागला, कारण यात चूक आमच्या नजरेसमोर होत होती.

ती आली तेव्हा अंगभर सूज. तिला आधीच्या ठिकाणी तीन दिवस फ्युरोसेमाइडची इंजेक्शनं दिली होती. ‘सूज आहे ना, मग पाणी काढा’ एवढाच विचार. ती आली तेव्हा पोट दुखतंय म्हणून कण्हत होती. तळपाय गार, नाडी १४०, बीपी ८०/५०. सुजलेलं लेकरू, आणि तरीही आतून कोरडं पडलेलं. हिमॅटोक्रिट ४६ आला. आपल्याकडच्या चार वर्षांच्या लेकराचा तेवढा कधी नसतो, म्हणजे रक्त आटून घट्ट झालं होतं. लघवीतलं सोडियम ८, म्हणजे मूत्रपिंड मिठाचा कण अन् कण धरून ठेवत होतं.

तिला सरांनी उलट सलाईन लावलं, किलोला १५ मिलि, अर्ध्या तासात. सुजलेल्या लेकराला सलाईन. तिची आजी घाबरून हात धरत होती. तासाभरात नाडी ११० वर आली, तळपाय उबदार झाले.

मुलाला सलाईन दिलं ते घातक ठरलं, मुलीला फ्युरोसेमाइड दिलं ते घातक ठरलं. सुजेकडे बघून दोघांतला फरक कळला नसता. बीपी, तळपायाला लावलेला हात आणि लघवीची बाटली, एवढ्यावर कळला असता.

गोदाकाठ

एक भर घालतो, नाहीतर कुणी वाचून चुकीचं पक्कं करेल. प्रत्येक नेफ्रोटिक लेकरू आतून कोरडं नसतं. काही जणांत मूत्रपिंड स्वतःहूनही मीठ धरून ठेवतं आणि रक्तवाहिन्या भरलेल्या असतात. त्यांना फ्युरोसेमाइड चालतं, लागतंही. म्हणून नियम ‘नेफ्रोटिकला देऊ नका’ असा नाही, ‘आधी हात लावून बघा’ असा आहे. तुमच्या मुलीत गार तळपाय, वेगवान नाडी, वाढलेला हिमॅटोक्रिट, सगळं एकाच बाजूला बोट दाखवत होतं. जिथं अशा खुणा एकमेकींशी जुळत नाहीत तिथं मलाही अवघड जातं.

आणि पोटदुखीवर आणखी एक विचारा. नेफ्रोटिक लेकराचं पोट दुखतंय आणि ताप आहे, तर पोटातल्या पाण्यात न्यूमोकॉकस शिरला आहे का? प्रोटीनबरोबर संसर्गाशी लढणारी प्रतिपिंडंही लघवीतून वाहून जातात. तिला ताप होता?

बालाघाटी

ताप ९९. पोटातलं पाणी सुईनं काढून तपासलं, पेशी फक्त ४०. जंतूंची वाढ झाली नाही. तेव्हा पोटदुखी रक्त कमी पडल्याचीच असं धरलं. मग क्षय नाही ना यासाठी मॅन्टू आणि छातीचा एक्स-रे बघून तिसऱ्या दिवशी प्रेडनिसोलोन सुरू केलं. किलोला २ मिग्रॅ, सुजेचं १९ किलो वजन न धरता सूज येण्याआधीचं १६ धरून ३२ मिग्रॅ. तिच्या अंगणवाडीच्या कार्डावर वजन होतं म्हणून बरं. दहाव्या दिवशी प्रोटीन निल, सलग तीन दिवस निल. सहा आठवडे रोज, मग किलोला दीड मिग्रॅ एक दिवसाआड सहा आठवडे.

लातूरची_आई

मी डॉक्टर नाही. माझा मुलगा ९ वर्षांचा आहे, साडेतीन वर्षांचा असल्यापासून नेफ्रोटिक. आतापर्यंत ७ वेळा आजार उलटलाय. हे सगळं वाचताना डोळ्यांत पाणी आलं, कारण त्यालाही पहिल्या वेळी ॲलर्जीच म्हटलं होतं.

पुस्तकात नसतं ते सांगते. रोज सकाळी पहिल्या लघवीत सल्फोसॅलिसिलिक आम्लाचे थेंब टाकून बघायचं. दूध पाण्यात सांडल्यासारखं गढूळ झालं की माझा दिवस गेला. मी एका वहीत तारखेपुढं लिहिते: स्वच्छ, जरासं, गढूळ, दही. सलग तीन दिवस ‘दही’ किंवा ‘गढूळ’ आलं की डॉक्टरांना फोन. वहीमुळे कळलं की प्रत्येक वेळी आधी सर्दी-खोकला होता.

आणि माझा एक प्रश्न. दोन वर्षांपूर्वी त्याची मांडी एकाच बाजूनं सुजली, दुखायला लागली. मी म्हटलं नेफ्रोटिकची सूज. डॉक्टरांनी रक्ताची गाठ सांगितली. रक्त पातळ करायच्या सुया दिल्या. लघवीतून प्रोटीन जाण्याचा आणि पायात गाठ होण्याचा काय संबंध, मला अजून कुणी नीट सांगितलं नाही.

मांजराकाठ

ताई, तुम्ही एकाच बाजूची सूज वेगळी ओळखून नेलंत हेच मोठं काम केलंत. नेफ्रोटिकची सूज दोन्ही पायांना सारखी असते. एकच पाय सुजला, दुखला, तर ती वेगळी गोष्ट.

रक्त गोठू न देणारी काही प्रोटीनं असतात. त्यातलं अँटिथ्रॉम्बिन अल्ब्युमिनएवढ्याच आकाराचं आहे, म्हणून त्याच भोकांतून लघवीत जातं. दुसरीकडे अल्ब्युमिन कमी झालं म्हणून यकृत धडाधड प्रोटीनं बनवतं, त्यात गोठवणारी प्रोटीनंही वाढतात (कोलेस्टेरॉल वाढतं तेही याच यकृताच्या धडपडीतून). वरून रक्त आटलेलं आणि लेकरू अंथरुणात पडून. या तिन्हींतून गाठ होते. मोठ्या माणसांत मेम्ब्रेनस प्रकारात तर मूत्रपिंडाच्या शिरेतच गाठ होऊ शकते. कमरेत एका बाजूला दुखतं, लघवी अचानक लाल होते. तेव्हा नेफ्रोटिक माणसाची लघवी लाल झाली म्हणून लगेच ‘आता नेफ्रिटिक झालं’ म्हणू नका, आधी सोनोग्राफीत शीर बघा.

लातूरची_आई

आता समजलं. म्हणजे तेच भोक. डॉक्टर त्याला पाणी काढायच्या गोळ्या देताना इतके जपून का देतात हेही कळलं.

उद्याची_परीक्षा

मी माझी ओळ खोडली. आता एक अडलंय. आमच्याकडे ११ वर्षांचा मुलगा आहे. लघवी लाल, बीपी १३०/९०, सी-३ कमी, म्हणजे नेफ्रिटिक. पण प्रोटीन-क्रिएटिनिन गुणोत्तर ४.२ आणि अल्ब्युमिन २.३, म्हणजे नेफ्रोटिकही. चार आठवडे झाले. युनिटमध्ये दोन मतं आहेत, बायॉप्सी करायची की थांबायचं. परीक्षेत काय लिहू?

गोदाकाठ

‘नेफ्रिटिक-नेफ्रोटिक एकत्र’ असंच लिहा, आणि सी-४ किती आहे ते आधी सांगा. सी-३ आणि सी-४ दोन्ही कमी असतील तर मुलगा असला तरी ल्युपस डोक्यात ठेवा, एएनए पाठवा. फक्त सी-३ कमी असेल तर संसर्गानंतरचाच असू शकतो, तसल्या थोड्या लेकरांत प्रोटीन एवढं जातं. क्रिएटिनिन काय करतंय?

उद्याची_परीक्षा

सी-४ नॉर्मल. एएनए निगेटिव्ह. क्रिएटिनिन ०.९ वरून ०.८.

गोदाकाठ

मग घाई नाही. क्रिएटिनिन दिवसागणिक चढत असतं तर मी आज बायॉप्सी सांगितली असती, कारण तसं असेल तर गाळणीत चंद्रकोरी बनत असतात आणि आठवडाभराच्या उशिरानं मूत्रपिंड जातं. इथं ते स्थिर आहे. सी-३ साधारण ८ आठवड्यांत वर यायला हवा. १२ आठवड्यांनंतरही खालीच राहिला तर तो संसर्गानंतरचा आजार नव्हे, सी-३ ग्लोमेरुलोपॅथीसारखं काहीतरी, तेव्हा बायॉप्सी करायचीच.

मांजराकाठ

मी इथं असहमत आहे. अल्ब्युमिन २.३ आणि नेफ्रोटिक पातळीचं प्रोटीन चार आठवडे टिकलं असेल तर मी आताच करेन. आठ आठवडे थांबून उरलेली गाळणी कशी आहे ते कळत नाही. मोठ्यांच्या बाजूनं बघतोय म्हणून कदाचित जास्त भीती वाटत असेल, पण मत तेच.

गोदाकाठ

तुमचं म्हणणं चूक नाही. लेकराला सुई लावण्याआधी मी आणखी दोन आठवडे देईन, प्रोटीन उतरतंय का ते बघेन. गुणोत्तर ४.२ वरून ३ च्या खाली आलं तर थांबेन, तिथंच राहिलं तर तुमच्या बाजूला येईन.

बालाघाटी

जूनमधला निरोप, ज्यांना विचारायचं होतं त्यांच्यासाठी.

मुलगा आठव्या आठवड्याला आला. सी-३ १०४. बीपी १००/६२, लहान पट्ट्यानं. प्रोटीन निल. पण लघवीत लाल पेशी अजून ८-१० आहेत. सरांनी सांगितलं की त्या वर्षभर, कधी त्याहून जास्तही, राहू शकतात आणि बीपी-क्रिएटिनिन नीट असेल तर चिंता नाही. त्याच्या घरच्या सहाही जणांना एकाच रात्री पर्मेथ्रिन लावायला दिलं, कपडे-गोधड्या उन्हात टाकायला सांगितल्या. नुसत्या लेकराला लावलं असतं तर खरूज परत आली असती.

आईचा प्रश्न असा: दसऱ्यानंतर टोळी निघते, मुकादमाची उचल घेतलीय, याला न्यायचं का?

काचपट्टी

माझं मत, नेऊ नये. कोपीवर पाणी नाही, खरूज परत होणार आणि लघवी तपासायला कुणी नसणार. आजीजवळ ठेवावं, शाळाही होईल.

गोदाकाठ

आजी असेल आणि तिला झेपत असेल तर मीही तेच म्हणेन. पण ती आई लेकराला मागे ठेवून जाईल असं गृहीत धरू नका, त्यांच्या घरचं आपल्याला माहीत नाही. हा आजार सहसा दुसऱ्यांदा होत नाही. नेलं तर एका जाड कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या: आजाराचं नाव, शेवटचा बीपी, सी-३ चा आकडा, ‘बीपी लहान पट्ट्यानं मोजावा’, आणि लघवी कोऱ्या चहासारखी झाली किंवा डोळे सुजले तर त्याच दिवशी जवळच्या सरकारी दवाखान्यात. प्लास्टिकच्या पिशवीत घालून द्या, कोपीत कागद टिकत नाही.

बालाघाटी

कागद लिहून दिला. आईला वाचता येत नाही, म्हणून थोरल्या बहिणीकडून दोनदा वाचून घेतला. न्यायचं की नाही, ते अजून त्यांचं ठरलेलं नाही.